तुम्ही विचारलंत म्हणून: लेबलवरचं वय आणि खोक्यावरचं वय

"मुलांचे लहान झालेले कपडे आणि खेळणी वयाप्रमाणे वेगळी कशी करता? कुणाला द्यायचं, काय विकायचं, हे कसं ठरवता?"

लेबलवर छापलेल्या वयावर मी जात नाही. टेप घेऊन बसते.

पहिल्या वेळी मी लेबलवरच गेले होते. मुलीचे '६ ते १२ महिने' लिहिलेले सगळे कपडे एका पिशवीत भरून धाकट्या जावेला दिले. तिचा मुलगा नुकताच सहा महिन्यांचा झाला होता. आठवड्याभरात तिचा फोन आला, "ताई, तीन कपडे डोक्यातून जातच नाहीत आणि दोन गुडघ्यापर्यंत येतायत. आणि हे स्वेटर आत्ता उकाड्यात कधी घालू?" त्या पिशवीतले खाली टिचबटणं असलेले दोन बॉडीसूट मी नंतर टेबलावर शेजारी पसरून मोजले. दोन्हींवर '९ महिने' लिहिलेलं. खांद्यापासून खालच्या बटणापर्यंत एक भरला ३८ सेंटिमीटर, दुसरा ४२. कंपन्यांची मापं मुळात वेगवेगळी असतात, आणि सुती कपडा धुऊन धुऊन लांबीत आटतो तो वेगळाच.

म्हणून आता कपडा सपाट पसरून दोनच मापं घेते. वरच्या कपड्याचं खांद्यापासून खालच्या कडेपर्यंत आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत. पँट असेल तर इलॅस्टिक न ताणता कंबर आणि आतल्या बाजूने पायाची लांबी. ज्या मुलाला द्यायचं त्याला आत्ता नीट बसणारा एक कपडा त्याच्या आईला मोजायला सांगायचा. तिच्या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मोठं असेल ते लगेच द्यायचं, त्याहून मोठं ते थांबवून ठेवायचं, लहान असेल ते दुसऱ्या कुणाला. युरोपी पद्धतीच्या लेबलवर वयाऐवजी मुलाची उंची असते, ५६, ६२, ६८, ७४ असे सहा-सहा सेंटिमीटरचे टप्पे. मला ती पद्धत फार सोयीची वाटते, म्हणून खोक्यांवर मी वय लिहीत नाही, उंची लिहिते.

या टप्प्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. बाळ पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, म्हणजे वर्षभरात चार टप्पे ओलांडतं. दुसऱ्या वर्षी साधारण १२, म्हणजे दोन टप्पे. तीन वर्षांनंतर वर्षाला सहा-सात सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक. त्यामुळे पहिल्या वर्षाचे कपडे जवळजवळ नवेच उरतात आणि विकायचे तर तेच. एकेक सुटा विकायच्या भानगडीत मी पडत नाही, एका उंचीचा, एका ऋतूचा दहा-बारा कपड्यांचा गठ्ठा करते. तीन वर्षांनंतरच्या पँटी गुडघ्यावर विरलेल्या असतात. त्या उजेडासमोर धरल्या की आरपार दिसतं. अशा पँटी विकायला काढूच नयेत आणि दानातही देऊ नयेत, त्यांची पुसणी करावी.

आता स्वेटरचं. उंचीइतकाच ऋतू महत्त्वाचा. माझी मुलगी थंडीच्या सहा महिने आधी जन्मली, म्हणून तिचे सगळे गरम कपडे सहा ते आठ महिन्यांच्या मापाचे. जावेचा मुलगा ऐन थंडीत जन्मला. तो सहा महिन्यांचा झाला तेव्हा उकाडा, आणि पुढची थंडी आली तेव्हा तो वर्षाचा. माझे ते गरम कपडे त्याला कधीच कामाचे नव्हते. ते माझ्या मुलीच्याच सुमारास, एक-दोन वर्षांनी जन्मलेल्या मुलीकडे जायला हवे होते. म्हणून देण्याआधी मी वय विचारत नाही, जन्माचा महिना विचारते आणि बोटांवर मोजून पाहते, की या मापाला ते मूल पोचेल तेव्हा ऋतू कुठला असेल. खोक्यावर लिहायचं ते असं: '६८, थंडी'.

ठेवताना दोन चुका हमखास होतात. पहिली दुधाची. बाळाच्या गळ्याशी सांडलेलं दूध धुतल्यावर दिसत नाही, पण त्यातली स्निग्धता कापडात राहते आणि सहा-आठ महिन्यांत तिथे पिवळा डाग उमटतो. म्हणून ठेवायच्या आधी गळा आणि छातीचा भाग एन्झाइम असलेल्या साबणाच्या पाण्यात तासभर भिजवून मग धुते. सुरुवातीचं पाणी गार हवं, गरम पाण्यात दुधातली प्रथिनं कापडाला धरून बसतात. उन्हात कडकडीत वाळल्याशिवाय घडी घालायची नाही.

दुसरी चूक डांबरगोळ्यांची, आणि ती माझ्या मते कुणीही करू नये. त्यातल्या बऱ्याच गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. ज्या बाळांमध्ये जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात आणि बाळाला तीव्र कावीळ होऊ शकते. गोळ्यांसोबत ठेवलेले कपडे अंगात घातल्यावर असं झालेलं आहे. आपल्या मुलाला काही झालं नाही म्हणून घेणाऱ्याच्या बाळाला होणार नाही, असं नाही. मी फक्त स्वच्छ धुऊन, वाळवून, सुती पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवते.

खेळण्यांचा हिशेब वेगळा आहे. तिथे ज्याला द्यायचं त्याचं वय पुरत नाही, त्या घरातलं सगळ्यात लहान मूल कोण ते बघावं लागतं. पाच वर्षांच्या मुलासाठी दिलेले ठोकळे त्याच्या दहा महिन्यांच्या बहिणीच्या तोंडात जातात. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात, तिच्यात पूर्ण मावणारा तुकडा घशात अडकू शकतो असं धरतात. घरी मी टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी वापरते. ती थोडी रुंद असते, म्हणजे तपासणी जरा कडकच होते. फक्त चेंडूंना ती चालत नाही. चेंडू गोल असल्याने घसा पूर्ण बंद करतो, म्हणून ४५ मिलिमीटरपेक्षा लहान चेंडू मी तीन वर्षांखालच्या घरात पाठवत नाही.

मऊ खेळण्याचे डोळे आणि नाक दोन बोटांत धरून चांगलं ओढून बघते. हललं तरी ते खेळणं बाजूला. आंघोळीची पिचकारी मारणारी रबरी बदकं मी देतच नाही, आत पाणी साचून काळी बुरशी धरते आणि ती बाहेरून दिसत नाही. एक कापून बघितलंत तर पटेल.

बटणासारख्या गोल चपट्या बॅटरीचं खेळणं मात्र मी शेवटी एकटं घेते, घाई न करता. झाकणाला स्क्रू आहे का, तो जाग्यावर आहे का, आटे झिजलेत का, सगळं बघते. अशी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत तिथे गंभीर इजा होते. गेल्या खेपेला मुलीचा गाणारा पक्षी निघाला. स्क्रू गायब होता, झाकण नुसतं दाबून बसवलेलं, नखाने उघडलं. दुकानातून तसाच स्क्रू मिळेपर्यंत तो पक्षी बॅटरी काढून कपाटाच्या वरच्या फळीवर राहिला. मग दानाच्या खोक्यात गेला, वर चिठ्ठी लावून: 'बॅटरी काढली आहे, स्क्रू नवा आहे'.