बहात्तर हजारांचे एकेचाळीस

मी अंबडला एका कारखान्यात पगार आणि अकाउंट्स दोन्ही बघते, म्हणजे शिव्या दोन्हीकडून खाते. २०२४ ची दिवाळी महिनाअखेरीला आली होती आणि युनियनचं पगारवाढीचं ॲग्रीमेंट सप्टेंबरमध्ये सही झालेलं, लागू मात्र १ एप्रिल २०२३ पासून. म्हणजे १८ महिन्यांचा फरक, ६४ माणसं, आणि सगळ्यांना तो ऑक्टोबरच्या पगारासोबत दिवाळीआधी हवा. २२ तारखेला, मंगळवारी, कच्च्या स्लिपा कमिटीला दाखवल्या आणि अर्ध्या तासात मशीन शॉपचे नाना खिडकीत हजर.

"ताई, बहात्तर हजाराचे एकेचाळीस कसे झाले ते सांगा फक्त."

नानांची वाढ महिन्याला ४,००० रुपये, त्यातले २,५०० बेसिक-डीएमध्ये आणि १,५०० बाकी भत्त्यांत. १८ महिन्यांचे ७२,०००. पीएफ फक्त बेसिक-डीएच्या फरकावर, म्हणजे ४५,००० वर १२ टक्के, ५,४०० रुपये. त्याबद्दल नानांची तक्रार नव्हतीच, ते म्हणाले ते माझ्याच खात्यात जातंय, कंपनीपण तेवढेच टाकते. पण खाली टीडीएस २५,५८४ होता. ज्या माणसाचा आजवर एक रुपया टॅक्स कापला गेला नाही त्याचे पंचवीस हजार! मीच दोनदा बघितलं.

आधी मला वाटलं सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी चुकलंय. हाताने मांडलं तर आकडा बरोबर. नाना नव्या टॅक्स पद्धतीत, स्टँडर्ड डिडक्शन जाऊन वाढीआधीचं त्यांचं वर्षाचं करपात्र उत्पन्न साडेसहा लाख. त्या वर्षी नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंत रिबेट मिळून टॅक्स शून्य व्हायचा. आता त्यात चालू वर्षाची वाढ ४८,००० आणि मागच्या वर्षाचा फरक ४८,००० आला, बेरीज ७,४६,०००. सात लाखांची रेघ ओलांडली की रिबेट गेलं, मग ३ ते ७ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्यावर १० टक्के, वर सेस. रेघ जेमतेम ओलांडणाऱ्यांसाठी थोडी सवलत असते पण नाना ४६,००० नी पुढे, त्यांना ती लागत नाही. आणि सॉफ्टवेअरमध्ये फरकावरचा टॅक्स एकाच महिन्यात कापायचं ऑप्शन टिक केलेलं होतं (ते कोणी केलं ते विचारू नका), म्हणून मार्चपर्यंत सहा महिन्यांत वाटला गेला असता तो सगळा दिवाळीलाच कापला.

खरी गंमत पुढे आहे. पगाराचा फरक ज्या वर्षी हातात येतो त्या वर्षी त्यावर टॅक्स लागतो, काम जरी मागच्या वर्षी केलेलं असलं तरी. पण त्यामुळे माणसाला जास्त टॅक्स बसत असेल तर तेव्हाच्या कायद्यात कलम ८९ ची सूट होती आणि ती नव्या पद्धतीतही मिळायची. हिशोब असा की मागच्या वर्षाचा फरक धरून आणि न धरून या वर्षीचा टॅक्स काढायचा, मग तोच फरक मागच्या वर्षात टाकून तिथला वाढलेला टॅक्स काढायचा, आणि दोन्हींमधलं अंतर म्हणजे सूट. नानांचे ४८,००० बाजूला काढले की या वर्षाचं उत्पन्न ६,९८,०००, टॅक्स शून्य. मागच्या वर्षाचं ६,२०,००० होतं, त्यात घातले तर ६,६८,०००, तिथेही शून्य. म्हणजे पूर्ण २५,५८४ सूट!! मी कॅलक्युलेटर खाली ठेवला आणि नानांना म्हटलं चहा घ्या, तुमचे पैसे परत आले.

फक्त त्यासाठी तेव्हा फॉर्म १०ई लागायचा. कर्मचाऱ्याने तो भरून कंपनीला दिला की कंपनी टीडीएस काढतानाच सूट धरू शकते, आणि नंतर रिटर्न भरण्याआधी त्याने स्वतः तो पोर्टलवर भरायचा. दुपारी कॅन्टीनबाहेर टेबल टाकून बसले, मागच्या वर्षीचे फॉर्म १६ मागवले, जे रेघेच्या आसपास होते त्यांचे आधी केले. सगळ्यांना नानांएवढी सूट मिळाली नाही हेही खरं. ज्यांचं उत्पन्न दोन्ही वर्षी सातच्या वरच होतं त्यांना किरकोळ, एक-दोघांना तर काहीच नाही.

संध्याकाळी वाटलं झालं, तर आमच्या नवीन मुलाने बनवलेलं व्हाउचर बघितलं. एकूण फरक ४६,०८,०००, त्याने तो अख्खा वेजेसला नावे टाकलेला. अरे बाबा, आपण प्रोव्हिजन केलेली आहे ना! मॅनेजमेंटची ऑफर महिन्याला ३,००० ची होती, त्या हिशोबाने मार्च अखेरीला १२ महिन्यांची तरतूद आणि नंतर दर महिन्याला थोडी थोडी, असे ३४,५६,००० पुस्तकात देणे म्हणून उभे होते. हा खर्च आधीच लागून गेलाय. त्याचं व्हाउचर तसंच गेलं असतं तर खर्च दोनदा लागला असता आणि तरतूद तशीच लोंबकळत राहिली असती, ऑडिटरने मार्चमध्ये विचारेपर्यंत कोणाला कळलं नसतं. बरोबर नोंद म्हणजे ३४,५६,००० तरतुदीला नावे, उरलेले ११,५२,००० या वर्षीच्या वेजेसला. ऑफर तीनची, सेटलमेंट चारला झाली, अंदाज बदलला म्हणून तो फरक चालू वर्षात.

पण तरतुदीचं खातं उघडलं आणि पोटात गोळा आला. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा धरलाच नव्हता. मार्चमध्ये ती एंट्री मीच केलेली. आमच्या सगळ्यांचं बेसिक-डीए आधीपासून १५,००० च्या वर आहे त्यामुळे पेन्शनचा वाटा आणि ईडीएलआय म्हणजे विम्याचा वाटा तिथल्या मर्यादेत अडकलेले, फरकावर ते वाढत नाहीत, पण १२ टक्के पीएफ आणि अर्धा टक्का ॲडमिन चार्ज पूर्ण फरकावर लागतो. २८,८०,००० वर साडेबारा टक्के, ३,६०,००० रुपये. यातले मागच्या वर्षाचे जेवढे तेव्हाच कळायला हवे होते ते ऑफरच्या दराने १,८०,०००. त्याला अंदाज बदलला असं म्हणता येत नाही, ती सरळ विसरलेली गोष्ट आहे. ऑडिटरना फोन केला, ते म्हणाले पूर्वकालीन बाब म्हणून वेगळं दाखवा, बाकीचे चालू खर्चात. साहेबांना सांगताना मान खाली होती, ते एवढंच म्हणाले, पुढच्या ॲग्रीमेंटला तरतुदीच्या शीटमध्ये एक कॉलम वाढव.

२५ तारखेला पैसे पडले. नानांना ६६,६००. फरकाच्या पीएफची रिटर्न पोर्टलवर दर महिन्याच्या नेहमीच्या रिटर्नपासून, म्हणजे ईसीआरपासून वेगळी, एरिअरची फाईल म्हणून जाते, ती नोव्हेंबरच्या १५ तारखेच्या आत भरली.

पुढच्या वर्षी रिटर्न भरायच्या वेळी नानांनी सिडकोतल्या सायबरवाल्याकडून फोन केला, म्हणाले तो आधी रिटर्न भरतो म्हणतोय, १०ई नंतर. मी म्हटलं उठा तिथून. ते उठले. शॉपमधले दुसरे दोघं उठले नव्हते, त्यांना सूट नामंजूर झाल्याची नोटीस आली आणि मग ती घेऊन तेही माझ्याच खिडकीत आले.