मनाई हुकूम: महाड आणि बर्मिंगहॅम

“सर, मताचा हक्क आहे, कोर्ट आहे. मग लोकशाहीत मुद्दाम कायदा मोडणं कधी बरोबर ठरतं का?”

ठरतं, पण फार थोड्या वेळा. विचारणारी मुलं उदाहरण बहुतेक महाडचं देतात. गंमत अशी की 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले तेव्हा कायदा त्यांच्या बाजूने होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा मुंबई विधिमंडळाचा 1923 चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळं सगळ्यांना खुलं केलं होतं. त्या दिवशी मोडली ती रूढी.

कायद्याचा पेच पडला तो डिसेंबरात. मधल्या काळात नगरपालिकेने ठराव मागे घेतला, काही सवर्ण कोर्टात गेले आणि महाडची सत्याग्रह परिषद तोंडावर असताना तळ्यावर जायला तात्पुरता मनाई हुकूम घेऊन आले. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. जमलेले लोक तळ्यावर जायला, वेळ पडली तर तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनीच त्यांना थांबवलं. हुकूम मोडला असता तर भांडण सवर्णांशी न राहता सरकारशी झालं असतं, आणि कोर्टात जिंकण्याची आशा अजून होती. मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला 1937 मध्ये. पाण्यासाठी दहा वर्षं! हा आकडा मला नेहमी टोचतो.

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत तेच बाबासाहेब म्हणाले की सनदशीर मार्ग बंद होते तेव्हा कायदेभंगाला पुष्कळ आधार होता. आता ते मार्ग खुले आहेत, म्हणून कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे सगळं सोडून द्यायला हवं. सगळा युक्तिवाद ‘खुले’ या अटीवर उभा आहे. मार्ग खुला आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

त्यासाठी महाडशेजारी बर्मिंगहॅम ठेवून बघा. 1963, अमेरिकेतलं अलाबामा राज्य. तिथे मोर्च्याला परवाना लागायचा. कृष्णवर्णीयांच्या बाजूने तो मागायला गेलेल्यांना पोलीस खात्याचे प्रमुख बुल कॉनर यांनी साफ सांगितलं की परवाना मिळणार नाही, तुरुंगात मात्र पोचवीन. वर शहराने कोर्टातून मनाई हुकूम आणला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापुढे तोच प्रश्न, आणि त्यांनी उलट निर्णय घेतला. 12 एप्रिलला, गुड फ्रायडेला, ते चालत निघाले आणि अटक झाले.

मला दोघांचंही बरोबर वाटतं. महाडात निवाडा करणारं कोर्ट भांडणाच्या बाहेरचं होतं. बर्मिंगहॅममध्ये परवाना देणारा माणूसच विरुद्ध पक्षाचा होता. मतदान करून त्याला घालवा म्हणावं, तर अलाबामात बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावं मतदार यादीत येऊच दिली जात नव्हती. तो मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा करणारा केंद्राचा कायदा 1965 मध्ये आला. कागदावर लोकशाही होती, पण तक्रार फिरून फिरून त्याच टेबलावर यायची.

पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. 1967 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं की हुकूम चुकीचा वाटला तरी आधी कोर्टात त्याला आव्हान द्यायला हवं होतं, शिक्षा कायम. किंग पुन्हा बर्मिंगहॅमला जाऊन तुरुंगात बसले. 1969 मध्ये त्याच न्यायालयाने, त्याच मोर्च्याच्या दुसऱ्या खटल्यात, परवान्याचा नियम ज्या तऱ्हेने राबवला गेला तो घटनाबाह्य ठरवला. म्हणजे मुद्दा बरोबर निघाला, तरी शिक्षा भोगून झाली होती. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये सविनय कायदेभंगाची जी मांडणी केली, तिच्यात हे बसतं: कृती उघड, अहिंसक, परिणाम अंगावर घेणारी; अन्याय समान नागरिकत्वावर घाला घालणारा; आणि नेहमीचे मार्ग प्रामाणिकपणे चालून संपलेले. ‘संपलेले’ म्हणजे किती वर्षं, हे मात्र ते सांगत नाहीत. माझ्या मते वर्षं मोजू नयेत, निर्णय देणारा कोण आहे ते बघावं.

आता आपलं पुणं. हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, आमचाही सविनय कायदेभंगच! चौकात मामा दिसले की गल्लीत गाडी घालणाऱ्याबद्दल बोलायलाच नको, त्यात उघड काहीच नाही. पण समजा कुणी हेल्मेट काढून मामांपुढे उभा राहिला, पावती घेतली, दंड भरला. रीत चोख झाली. तरी मी त्याचं समर्थन करणार नाही. सक्ती सगळ्यांवर सारखी आहे, कोर्ट उघडं आहे, आणि याच्या मतासाठी निवडणुकीत उमेदवार तीन जिने चढून दारात येतो.