कूलरची पट्टी, चार मांडण्या: विनोद कुठे फुटतो आणि कुठे आधीच सांडतो

या महिन्यात नवीन काही काढलं नाही. एकच विनोदी चित्रपट्टी घेतली, चित्रं तीच, संवाद तेच, फक्त चौकटींची मांडणी आणि संवादांच्या फुग्यांच्या जागा बदलत गेलो. ज्यांना दाखवली त्यांना बोट फिरवत वाचायला सांगितलं आणि हसू नेमकं कोणत्या चौकटीवर येतं ते बघत बसलो.

पट्टी नागपूरच्या मे महिन्यातली आहे. पहिल्या चौकटीत पोरगा म्हणतो, "बाबा, कूलर चालू हाय, पण हवाच नाही येऊन राहिली." बाबा विचारतात, "पाणी टाकलं का बे?" दुसरीत पोरगा म्हणतो, "टाकलं न." बाबा: "अन् खस?" पोरगा: "कालच बदलली." तिसरीत कोणीच बोलत नाही, दोघं घामाघूम होऊन समोर बघत आहेत. चौथी चौकट घराबाहेरून. खिडकीत कूलर उलटा बसवलाय, जाळीचं तोंड गल्लीकडे, आणि खाली खाटेवर शेजारी चादर गुंडाळून पडलाय: "काका, जरा स्लो करा न, थंडी वाजून राहिली!" पहिल्या तीन चौकटींत कूलर कुठेही दिसत नाही, नुसते चेहरे आहेत. सगळी भिस्त चौथ्या चित्रावर.

पहिली मांडणी सरळ, चारही चौकटी एका ओळीत. क्रमाबद्दल कोणालाच शंका येत नाही, डावीकडून उजवीकडे बोट घसरत जातं. पण वाचायला सुरुवात करण्याआधी नजर अख्ख्या पट्टीवरून एकदा फिरून येते आणि त्या फेरीत चौथी चौकट टिपली जाते, कारण तीन चौकटी घराच्या आतल्या अन् तीच एक बाहेरची. यावर एक उपाय लागू पडला: चौथ्या चौकटीतही मागच्या भिंतीला आतल्या भिंतीचाच करडा रंग दिला आणि शेजाऱ्याची चादर गडद ठेवली नाही. लांबून चारही चौकटी सारख्या वजनाच्या दिसू लागल्या. तरी फोनवर ही मांडणी टिकत नाही. पट्टी रुंदीला मावते, पण अक्षरं इतकी बारीक होतात की चित्र मोठं करून एकेक चौकट सरकवावी लागते.

म्हणून दोन बाय दोन. इथे खरी मजा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही अमेरिकी चित्रपट्टी २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली तेव्हा तिच्या चारही चौकटी एकाच मापाच्या होत्या, म्हणजे वर्तमानपत्राला ती आडवी, उभी किंवा दोनावर दोन अशी कशीही लावता यायची. कल्पना भारीच आहे. पण फुगे आडव्या पट्टीच्या हिशोबाने ठेवले असतील, तर दोनावर दोन लावल्यावर तीच चौकट दगा देऊ शकते.

पहिल्या चौकटीच्या मी दोन आवृत्त्या केल्या. एकीत बाबा डावीकडे, पोरगा उजवीकडे. आधी पोरगा बोलतो म्हणून त्याचा फुगा वर, उजव्या बाजूला; बाबांचं उत्तर खाली डावीकडे. एका ओळीत ही आवृत्ती चालून जाते, कारण खाली जायला जागाच नाही. दोन बाय दोनमध्ये मात्र "पाणी टाकलं का बे?" वाचून झालं की नजर डाव्या खालच्या कोपऱ्यात असते आणि त्याच्या अगदी खाली तिसरी चौकट. बरेच वाचणारे तिथेच उतरले, मग गोंधळून परत वर आले. दुसऱ्या आवृत्तीत पोरगा डावीकडे, बाबा उजवीकडे. संवाद डाव्या वरच्या कोपऱ्यातून निघून उजवीकडे मध्यावर संपतो आणि नजर आपोआप दुसऱ्या चौकटीत शिरते. जो आधी बोलतो तो डावीकडे, हा नियम आपण सगळे ऐकून आहोत, पण दोनावर दोनमध्ये तो मोडला की लगेच कळतं.

दुसऱ्या चौकटीला उलट गरज आहे. तिचा शेवट उजवीकडे खाली झाला तर नजरेखाली थेट चौथी चौकट येते, म्हणजे विनोद सांडला. "कालच बदलली" हे पोरगा म्हणतो आणि पोरगा डावीकडेच उभा आहे. तो फुगा मी डाव्या खालच्या बाजूला उतरवला, बाबांचा "अन् खस?" उजवीकडे मध्ये ठेवला. तिथून तिसरी चौकट तिरपी, अगदी जवळ. दोन ओळींमधली जागाही वाढवली: शेजारच्या चौकटींत ३ मिमी, वरच्या आणि खालच्या ओळीत ६ मिमी. दोन्हीकडे सारखंच अंतर असेल तर वरची जोडी आडवी वाचायची की डावीकडची उभी, हे चौकटी सांगत नाहीत.

तिसरी, मुकी चौकट वेगळाच प्रश्न. फुगा नाही म्हटल्यावर नजर तिथे थांबत नव्हती. दुसरीतून सरळ चौथीतल्या फुग्याकडे. आणि थांबा गेला की हसूही अर्धं होतं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत "घर्रर्रर्र" टाकलं. नजरेला टेकायला काहीतरी मिळालं आणि मोटर चालू आहे हेही कळलं. हा आवाज ठळक अक्षरांत करून पाहिला, तर तोच विनोद वाटायला लागला, म्हणून बारीकच ठेवलाय.

चौथीत शेजाऱ्याचा फुगा वर ठेवला तर "थंडी" आधी वाचली जाते आणि उलटा कूलर नंतर दिसतो. काहींना हेच जास्त आवडलं. माझं मत वेगळं आहे: कूलर उलटा आहे हे आधी डोळ्यांनी कळावं, मग वाक्याने त्यावर कडी करावी. म्हणून फुगा खाली उजवीकडे, शेपटी चादरीतून डोकावणाऱ्या तोंडाकडे. "वाजून राहिली" हे शब्द एकाच ओळीत ठेवले, आणि देवनागरीला वर वेलांटी, रफार अन् खाली उकार लागतात म्हणून दोन ओळींत मोकळी जागा सोडली. घट्ट बसवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो आणि वाचणारा ऐन विनोदावर अडखळतो.

तिसरी मांडणी: डावीकडे तीन चौकटी एकाखाली एक, उजवीकडे उंच चौथी. खिडकी वर अन् खाट खाली असल्यामुळे हे चित्र उंच चौकटीत सुरेख बसतं. कॉमिक्स कसं वाचलं जातं याचे अभ्यासक नील कोन यांच्या अभ्यासात दिसलंय की उभ्या रांगेशेजारी उंच चौकट आली की वाचक नेहमीची आडवी वाट सोडून आधी रांग खाली संपवतात. माझ्याकडेही क्रम बरोबर लागला. पण पानावरचं सर्वांत मोठं चित्र हेच, त्यामुळे लोक आधी ते बघून हसले आणि मग बाकीच्या तीन चौकटी पुरावा म्हणून वाचल्या. क्रम बरोबर असूनही विनोद गेला.

चौथी, उभी. फोनवर चौथी चौकट पडद्याखाली लपते, त्यामुळे हसू सगळ्यांत जोरात इथे आलं. तिसरीनंतरची जागा दुप्पट ठेवली, अंगठा सरकवायचा तो क्षण कामी येतो. अडचण एवढीच की चॅटमध्ये लांबट चित्र कापलेलं दिसतं आणि उघडण्याआधी मधला भागच समोर येतो.

सध्या छापायला अन् पाठवायला दोन बाय दोन, सलग वाचायच्या ठिकाणी उभी, असं ठरवलंय. पुढची पट्टी तर्री पोह्यांच्या ठेल्यावरची आहे. तिच्यात तिघं बोलतात आणि पहिला बोलणारा उजवीकडेच हवा, कारण ठेला डावीकडे आहे. शेपट्या एकमेकांना न ओलांडता हे कसं बसवायचं, त्याची कच्ची चित्रं सुरू केली आहेत.