मोडलेले मनगट माफ, कात्रीची जखम मात्र नाही

नाशिकमध्ये फौजदारी वकिली करणाऱ्याकडे द्राक्षबागेतली भांडणे दरवर्षी येतात. बांध, सामाईक विहीर, वीजपंपाची पाळी आणि त्यामागे दहा-वीस वर्षांचा भाऊबंदकीचा राग, असा त्यांचा ठरलेला घाट असतो. ज्या प्रकरणाबद्दल लिहितो आहे तेही वरवर पाहता तसेच होते. ते निकाली निघाल्याला आता बरेच दिवस झाले, तरीही त्यातील एक गाठ माझ्या मनातून सुटत नाही.

गिरणारे भागातल्या एका गावात 2024 च्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत चुलता आणि पुतण्या यांच्यात ठिबकच्या पाण्यावरून जुंपली. पुतण्याने चुलत्याला ढकलले. चुलता मांडवाच्या लोखंडी अँगलवर आदळून पडला आणि त्याच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. त्याच झटापटीत पुतण्याच्या हातातली छाटणीची कात्री चुलत्याच्या उजव्या दंडाला लागून तीन सेंटिमीटरची जखम झाली आणि तिला दोन टाके पडले. मनगट महिना-दीड महिना प्लास्टरमध्ये राहिले, तर दंडावरची जखम आठवड्याभरात भरून आली. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेची कलमे नेहमीप्रमाणे ओळीने लावली: मोडलेल्या हाडासाठी 117(2), कात्रीसाठी 118(1), किरकोळ मारहाणीसाठी 115(2) आणि शिवीगाळीसाठी 352.

पुतण्या माझा अशील होता. दोषारोप निश्चित झाले त्याच सुमारास गावातल्या वडीलधाऱ्यांनी दोघांना एकत्र बसवले. पुतण्याने सर्वांसमोर चुलत्याचे पाय धरले, पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहिल्या गेल्या आणि दवाखान्याचा 40,000 रुपये खर्च त्याने द्यायचा असे ठरले. मग दोघे एकाच मोटारसायकलवरून माझ्याकडे आले आणि चुलते, म्हणजे नाना, म्हणाले, “वकीलसाहेब, आमचं मिटलं. आता केस काढून टाका.”

केस काढून टाकता येत नाही, हे अशिलाला सांगणे हा आमच्या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे. गुन्हा आपसात मिटवता येतो की नाही हे फिर्यादीची इच्छा ठरवत नाही, ते फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मधील दोन तक्ते ठरवतात. पहिल्या तक्त्यातले गुन्हे ज्याचे नुकसान झाले त्याने स्वतः मिटवायचे असतात, न्यायालयाची परवानगी लागत नाही. किरकोळ दुखापत, अपमान, गृह-अतिक्रमण हे त्यात येतात आणि साधी चोरीसुद्धा येते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. दुसऱ्या तक्त्यातले गुन्हे मिटवायला न्यायालयाची परवानगी लागते. फसवणूक, विश्वासघात आणि जबर दुखापत ही त्यातली नेहमीची उदाहरणे. दोन्ही तक्त्यांत जे नाही ते मिटतच नाही. त्याच कलमाच्या नवव्या पोटकलमात तसे स्पष्ट लिहिले आहे.

आता नानांच्या दोन जखमा या तक्त्यांवर ठेवून पाहा. मोडलेले हाड म्हणजे जबर दुखापत, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि तरीही ते परवानगीने मिटते. कात्रीची जखम म्हणजे कापणाऱ्या हत्याराने केलेली साधी दुखापत, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि ती मात्र कोणत्याच तक्त्यात नाही. जुन्या दंडसंहितेतले याच गुन्ह्याचे कलम 324 एकेकाळी परवानगीने मिटवता येत असे. 2005 च्या दुरुस्ती कायद्याने ते तक्त्यातून काढले आणि नव्या संहितेतही ते परत आलेले नाही. हत्यार हाती घेण्याला जरब बसावी हा हेतू मला समजतो, पण मग तेच हत्यार न वापरता माणसाचे हाड मोडणाऱ्याला सवलत का, याचे पटणारे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

सरकारी वकिलांनी सुचवले म्हणून हे प्रकरण आधी राष्ट्रीय लोक अदालतीत ठेवून पाहिले. न मिटणारा गुन्हा लोक अदालतीच्या अधिकारात येतच नाही, त्यामुळे ते जसे गेले तसे परत आले.

अशा वेळी न्यायालयाच्या आवारात जो उपाय सर्वांना तोंडपाठ असतो तो म्हणजे फिर्यादीने फितूर व्हायचे. फिर्यादी पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर सांगतो की मी घसरून पडलो, कात्री कोणाची होती ते आठवत नाही. सरकारी वकील उपचारापुरती उलटतपासणी घेतात आणि आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटतो. तडजोड झाली आहे हे न्यायाधीशांपासून शिपायापर्यंत सर्वांना कळलेले असते आणि कोणीही ते बोलत नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला तोच सल्ला दिला, आणि “इतका विचार कशाला करतोस?” असे वर विचारलेही. पण नानांनी तो मार्ग स्वतःच बंद केला. ते माळकरी, वारी न चुकवणारे. “पुतण्याला माफ केलं, पण शपथ घेऊन खोटं बोलणार नाही,” एवढेच ते म्हणाले.

उच्च न्यायालयात त्याच संहितेच्या कलम 528 खाली अर्ज करून, दोघांच्या संमतीने संपूर्ण प्रकरण रद्द करून घेणे हा दुसरा मार्ग होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या ग्यान सिंग निकालानंतर न मिटणारे पण खासगी स्वरूपाचे गुन्हेही उच्च न्यायालय अशा रीतीने रद्द करू शकते, हे स्पष्ट झालेले आहे. मी दोघांना तो नीट समजावून सांगितला. मुंबईचा वकील, त्याची फी, प्रतिज्ञापत्रे आणि हेलपाटे यांचा हिशेब त्यांनी केला आणि नको म्हणाले. मग उरले प्ली बार्गेनिंग, म्हणजे आरोपीने गुन्हा कबूल करायचा आणि त्या बदल्यात सौम्य शिक्षा घ्यायची.

नागरिक सुरक्षा संहितेच्या तेविसाव्या प्रकरणातली ही तरतूद 2006 पासून आपल्याकडे आहे, पण खालच्या न्यायालयांत ती फार क्वचित वापरली जाते. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे, देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेले गुन्हे, आणि स्त्री किंवा बालकाविरुद्धचे गुन्हे यांना ती लागू नाही. म्हणजे तीच कात्री भांडण सोडवायला धावलेल्या काकूंना लागली असती, तर हे दारही बंद झाले असते.

आम्ही कोणत्या क्रमाने गेलो ते इथे सविस्तर सांगतो, कारण त्याच क्रमात बरेच काही अडकलेले असते. आधी आम्ही 117(2) पुरता परवानगीचा अर्ज दिला आणि बाकीच्या किरकोळ कलमांबाबत तडजोडीची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिले. दंडाधिकाऱ्यांनी नानांना मनगट वळवून दाखवायला सांगितले, कोणाचा दबाव आहे का ते विचारले आणि परवानगी दिली. तेवढ्या आरोपांतून पुतण्या निर्दोष मुक्त झाला, कारण गुन्हा मिटवण्याचा परिणाम कायद्याने निर्दोष मुक्तता हाच असतो. हे आधी करणे आवश्यक होते. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला प्ली बार्गेनिंगमध्ये कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश शिक्षा देता येते. सात वर्षांच्या कलमावर ती चौदा महिने होते, तीन वर्षांच्या कलमावर सहा महिने.

दुसरी अडचण मुदतीची होती. नव्या संहितेने हा अर्ज दोषारोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत करायचे बंधन घातले आहे, आणि आम्हाला पुढची तारीख मिळाली होती ती दीड महिन्यानंतरची. तारखेची वाट पाहत बसलेल्या वकिलाचा अर्ज जन्माला येण्यापूर्वीच मरतो. मी प्रकरण तारखेआधीच सुनावणीला घेण्याचा अर्ज देऊन मधल्या दिवशीच ते बोर्डावर आणले. अर्जासोबत पुतण्याचे प्रतिज्ञापत्र जोडले: शिक्षेचे स्वरूप समजून स्वेच्छेने अर्ज करीत आहे आणि याच गुन्ह्यात पूर्वी दोषी ठरलेलो नाही.

त्यानंतर आरोपीची बंद दालनात, दुसऱ्या पक्षाच्या गैरहजेरीत चौकशी होते. सरकारी वकील आणि नाना बाहेर गेले. दंडाधिकाऱ्यांनी विचारले, “हा अर्ज कोणाच्या सांगण्यावरून केलास?” पुतण्या सरळपणे म्हणाला, “वकीलसाहेबांच्या.” मी खाली मान घालून कागद चाळू लागलो. क्षणभराने तो स्वतःहून पुढे बोलला, “अर्ज करायचं त्यांनी सांगितलं, साहेब. पण कात्री माझीच होती आणि राग पण माझाच होता.” दंडाधिकाऱ्यांनी ते जसेच्या तसे लिहून घेतले.

मग समाधानकारक निपटाऱ्यासाठी साठ दिवसांच्या आत बैठक घ्यायची असते आणि तिला तपास अधिकाऱ्यालाही नोटीस जाते. आमच्या तपास अधिकाऱ्यांची बदली झालेली होती आणि ते पहिल्या वेळी आलेच नाहीत. दुसऱ्यांदा आले ते घाईत, आणि ‘हे तर मिटलंय ना’ एवढे बोलून सही करून गेले. नानांनी 40,000 रुपये मिळाल्याचे सांगितले. अहवालावर सर्वांच्या आणि दंडाधिकाऱ्यांच्या सह्या झाल्या.

शिक्षेच्या मुद्द्यावर मी गुन्हेगार परिवीक्षा अधिनियमाच्या कलम 4 चा आधार घेतला. परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल चांगला आला, आणि पुतण्याला तुरुंगात न पाठवता एक वर्ष चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्यात आले. कात्रीबाबत आदेशात लिहिले होते की मुद्देमाल अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करावा. प्ली बार्गेनिंगच्या निकालावर अपील होतच नाही, पण ते वाक्य छापील असल्यासारखे प्रत्येक निकालात येते.

त्याच आठवड्यात शेजारच्या न्यायालयात एक प्रकरण संपले. विळ्याचा वार, तेच 118(1) कलम. तिथल्या फिर्यादीने ‘मी काही पाहिले नाही’ असे शपथेवर सांगितले आणि आरोपी निर्दोष सुटून, पेढे वाटत घरी गेला. माझा अशील मात्र कागदोपत्री दोषसिद्ध आहे, आणि त्याचे कारण एवढेच की त्याचा चुलता खोटे बोलायला तयार नव्हता. 118(1) परवानगीच्या तक्त्यात परत घेतले, तर न्यायाधीशांना आजच्यासारखेच जखम आणि माणूस पाहून हो किंवा नाही म्हणता येईल. तसे होत नाही तोवर आम्ही सगळे मिळून माणसांना खोटी साक्ष द्यायला शिकवत राहणार, असे मला वाटते.

गेल्या महिन्यात पुतण्या पुन्हा आला होता. एका सहकारी संस्थेतल्या नोकरीच्या अर्जात ‘आपण कधी न्यायालयात दोषी ठरला आहात का?’ असा रकाना होता आणि तिथे काय लिहायचे ते त्याला विचारायचे होते. परिवीक्षा अधिनियमाचे कलम 12 दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते, पण दोषसिद्धी झालीच नव्हती असे ते म्हणत नाही. मी त्याला ‘होय’ लिहायला सांगितले, निकालाची प्रमाणित प्रत जोडून दिली आणि कलम 12 चा उल्लेख करणारे एक पानाचे पत्र सोबत लावले. संस्थेकडून अजून काही कळलेले नाही.