एक वाजले होते की चार?

"व्हिज्युअल नॉव्हेल काय, टेक्स्ट अॅडव्हेंचर काय, शेवटी वाचायचंच ना? मग सरळ कादंबरी वाचावी की. यात खेळ कुठे आला?" असं तुम्ही विचारलंत.

माझी मावशी निवृत्त होईपर्यंत कोर्टात स्टेनो होती. साक्षीदार बोलायचे, ती टिपून घ्यायची. एका रविवारी मी टॅबवर 'एस अॅटर्नी'चा पहिला भाग खेळत होते आणि ती चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसली. व्हिडिओ गेम म्हटलं की नाक मुरडणारी बाई, पण पडद्यावर कोर्ट दिसलं आणि थांबली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दुपारी मिळालं, म्हणून तीच हकिगत सांगते. पुढे रहस्यं फुटणार आहेत, तेव्हा खेळायचं असेल तर आधी खेळून या.

हा खेळ व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रांसोबत वाचायची गोष्ट; जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, शू ताकुमी यांनी लिहिलेला, 2001 सालचा. तुम्ही नवखे वकील. पहिल्याच खटल्यात तुमच्या मित्रावर त्याच्या मैत्रिणीच्या खुनाचा आरोप आहे. पडद्यावर चित्रं थोडी, बाकी सगळं वाचन. साक्षीदार चार-पाच वाक्यांत जबाब देतो. मग उलटतपासणी सुरू होते, तेव्हा तीच वाक्यं एकेक करून पुन्हा समोर येतात. प्रत्येक वाक्याला दोन गोष्टी करता येतात: त्याला अडवून खोदून विचारायचं, किंवा तुमच्याकडचा एखादा पुरावा काढून "हे वाक्य खोटं आहे" म्हणायचं. खोदून विचारायला सहसा दंड नाही. पुरावा चुकीच्या वाक्यावर मांडलात तर पाचातली एक संधी जाते, आणि पाचही गेल्या की मित्र दोषी.

साक्षीदार म्हणाला, मला प्रेत दिसलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मी पुढे जायला बोट उचललं तेवढ्यात मावशी म्हणाली, "अगं थांब, शवविच्छेदनाच्या कागदावर मृत्यूची वेळ चारनंतरची आहे ना?" होती. तो अहवाल मी पाच मिनिटांपूर्वीच वाचला होता, म्हणजे नजरेखालून घातला होता. आम्ही तो पुढे केला, आणि साक्षीदार गडबडला.

मग त्याने जबाब बदलला: वेळ मला टीव्हीवरून कळली. पण त्या वेळी इमारतीत वीजच नव्हती, हे आधीच पुराव्यात आलेलं. पुन्हा बदल: टीव्ही नाही, टेबलावरचं घड्याळ पाहिलं. इथे मला खरी गंमत कळली. खुनाचं हत्यार म्हणून जी वस्तू कोर्टात ठेवली होती, ती दिसायला निव्वळ एक पुतळा. ते बोलणारं घड्याळ आहे, हे नुसतं बघून कुणालाच कळलं नसतं. मग याला कसं कळलं? शेवटचा दुवा मावशीला सापडला नाही, मला सापडला. ते घड्याळ चुकीची वेळ सांगत होतं, आणि मृत मुलगी आदल्याच दिवशी पॅरिसहून परतली होती. खेळातल्या शहरापेक्षा तिथली वेळ नऊ तास पुढे, म्हणजे त्या शहरात दुपारचे चार तेव्हा पॅरिसमध्ये रात्रीचा एक. परतल्यावर तिने घड्याळ घरच्या वेळेला लावलंच नव्हतं. साक्षीदाराने त्या घड्याळाचा आवाज ऐकला होता, पण घाव घालताना. आम्ही पुढे केला तो तिचा पासपोर्ट.

कादंबरीत हेच कोडं आलं असतं तर गुप्तहेराने पासपोर्ट काढेपर्यंत मी पानं उलटत राहिले असते. पॅरिसचं वाक्य माझ्या डोक्यातून निसटलं तरी पुस्तक पुढे सरकतं. इथे सरकत नाही. वाक्य लक्षात ठेवणं आणि योग्य वेळी दुसऱ्या वाक्यासमोर उभं करणं, हीच इथली चाल. बुद्धिबळात उंट हलवतात तसं इथे वाक्य हलवायचं.

दोषही सांगते. तुम्ही लेखकाच्या दोन पावलं पुढे गेलात की हा खेळ तुम्हालाच दंड करतो. विसंगती तुम्हाला दिसलेली असते, पण ती मांडायची वेळ त्याच्या हिशेबाने अजून आलेली नसते. म्हणून आमची रीत अशी ठरली: आधी सगळ्या वाक्यांवर खोदून विचारायचं आणि मग 'आत्ता' कुठलं वाक्य तुटतंय ते बघायचं. आणि ज्या व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये एकही निवड नसते, फक्त पुढे-पुढे दाबायचं असतं, त्यांना मी खेळ म्हणत नाही. ती संगीत लावलेली पुस्तकं. चांगली असतात, पण तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

टेक्स्ट अॅडव्हेंचरची गोष्ट वेगळी. तिथे चित्रंही नसतात, तुम्ही इंग्रजीत आज्ञा टाइप करता. नवीन माणसाला मी नेहमी अॅडम केडर यांचा `9:05` देते. 2000 सालचा, फुकट, पंधरा मिनिटांत संपणारा. फोन वाजतोय, तुम्ही पलंगावर आहात, उशीर झालाय. खोलीचं चार ओळींचं वर्णन येतं, आणि ते वर्णन म्हणजेच पट. त्यातलं प्रत्येक नाम ही हात लावून बघायची वस्तू:

```
> x dresser
> answer phone
> get up
> s
```

`x` म्हणजे नीट बघणे, `s` म्हणजे दक्षिणेला जाणे, `i` म्हणजे जवळ काय आहे ते. नवखे बहुतेक अडतात ते उत्तर न वाचल्यामुळे. `You can't see any such thing` असं आलं तर ती वस्तू इथे नाही किंवा ती नुसती सजावट आहे, तिचा नाद सोडा. क्रियापद कळलं नाही असं उत्तर आलं तर वस्तूचा दोष नाही, दुसऱ्या शब्दांत सांगून बघा. दोन्हींना "चालत नाही" म्हणून बंद करणारे खूप बघितलेत मी.

तर फोनवर कुणीतरी हॅडली नावाच्या माणसावर ओरडतो, लवकर ये म्हणून. तुम्ही आंघोळ करता, कपडे बदलता, गाडी काढता, ऑफिस गाठता. आणि तिथे कळतं की तुम्ही हॅडली नाहीच. हॅडलीचं प्रेत त्याच्याच पलंगाखाली आहे आणि तुम्ही रात्री घरात शिरलेले चोर आहात. खेळाने एकदाही खोटं सांगितलेलं नसतं. आदली रात्र अवघड गेली, हे पहिल्याच ओळींत असतं. "तुम्ही" म्हणजे घराचा मालक, हे तुम्हीच गृहीत धरलेलं. दुसऱ्यांदा खेळताना तीच वाक्यं वेगळी वाचली जातात, आणि या खेपेला महामार्गावर ऑफिसचा फाटा न घेता सरळ निघून जाता येतं. तो रस्ता पहिल्या वेळीही उघडाच होता, पलंगाखाली बघायलाही कुणी अडवलं नव्हतं.

मावशीलाही मी हा खेळ काही न सांगता दिला. तिने फोन उचललाच नाही. खोलीचं वर्णन दोनदा वाचलं, "मळके कपडे जमिनीवर, आणि चांगले कपाटात? एकाच माणसाची खोली वाटत नाही ही," असं पुटपुटली आणि एका बोटाने सावकाश टाइप केलं:

```
> look under bed
```

मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. फोन अजून वाजतच होता.