तुम्ही विचारलंत म्हणून : रिक्रूटरची प्रोफाइल

"उमेदवारांना मेसेज केला तर उत्तर येत नाही, आणि कंपन्या म्हणतात आमच्याकडे कन्सल्टंट आहेत. लिंक्डइनच्या प्रोफाइलवर आम्ही नक्की लिहायचं तरी काय?"

रिक्रूटरची प्रोफाइल बहुतेक वेळा तुमचा मेसेज गेल्यावरच उघडली जाते. चाकणच्या कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला असलेला क्वालिटी इंजिनिअर चहाच्या सुट्टीत फोन बघतो, तुमच्या नावावर बोट ठेवतो आणि दोनच गोष्टी शोधतो : या माणसाला माझं काम कळतं का, आणि हा पैसे तर मागणार नाही ना. एमआयडीसीच्या पट्ट्यात नोकरी लावून देतो म्हणून रजिस्ट्रेशनचे पैसे उकळणारे इतके भेटतात, की ही शंका रास्तच आहे.

माझी एक मैत्रीण भोसरीत एकटीनं हेच काम करते. तिच्या हेडलाइनमध्ये होतं, 'टॅलेंट अ‍ॅक्विझिशन, पीपल पर्सन, स्वप्नांना संधीशी जोडणारी'. हेडलाइनला 220 अक्षरांची मुभा आहे, पण सर्चच्या यादीत किंवा मोबाइलवर त्यातली सुरुवातच दिसते, म्हणून कामाचा शब्द सगळ्यात आधी हवा. आम्ही बसून बदललं : 'ऑटो कंपोनंट कंपन्यांसाठी भरती : क्वालिटी, मशीन शॉप, डाय कास्टिंग. चाकण, भोसरी, रांजणगाव'. आयटीचे उमेदवार हातचे जातील अशी तिला धास्ती होती. जाऊ द्यावेत. सगळ्या क्षेत्रांत भरती करतो असं लिहिणाऱ्यावर एकाही क्षेत्रातला जाणकार माणूस भरवसा ठेवत नाही.

अबाउटमध्ये 2600 अक्षरं मावतात, पण घडी उघडण्याआधी पहिल्या काही ओळीच दिसतात. तिथे 'दशकभराचा समृद्ध अनुभव' नको. तिनं लिहिलं : 'उमेदवाराकडून मी एक रुपयाही घेत नाही. कंपनीचं नाव, ठिकाण आणि पगाराची रेंज पहिल्याच फोनवर सांगते. नाव गुप्त ठेवायचं असेल तर तसंही सांगते. इंटरव्ह्यूनंतर नकार आला तरी कळवते.' यातलं शेवटचं वाक्य पाळणार असाल तरच लिहा. इंटरव्ह्यू देऊन आठवडे ताटकळलेल्या माणसाला या वाक्याचं मोल कळतं, आणि ते मोडलं तर त्याच्या सगळ्या शॉप फ्लोअरला कळतं.

आता कंपन्यांचं. 'पाचशेहून अधिक प्लेसमेंट' या आकड्यातून प्लांटच्या एचआर मॅनेजरला काही कळत नाही, कारण तिचं दुखणं वेगळंच असतं. ऑफर स्वीकारलेला माणूस नोटीस पिरियडच्या नव्वद दिवसांत काउंटर ऑफर घेतो आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन उचलत नाही. लाइन तोवर थांबलेली असते. म्हणून प्रोफाइलच्या फीचर्ड भागात एखादी पार पाडलेली भरती सविस्तर लिहावी. मैत्रिणीनं मशीन शॉप हेडची लिहिली. क्लायंटला अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचाच अनुभव हवा होता आणि त्या पगारात तसा माणूस मिळत नव्हता. तिनं प्लांट हेडशी बसून त्याला ती अट सोडायला लावली; त्याऐवजी व्हीएमसी मशीनवर सायकल टाइम कमी करून दाखवलेला आणि ग्राहकाचं ऑडिट स्वतः सांभाळलेला माणूस शोधला. राजीनामा दिल्याचा ईमेल त्याच्याकडून मागून घेतला, दर पंधरवड्याला फोन केला, आणि काउंटर ऑफर येणारच हे धरून त्यावर त्याच्याशी आधीच बोलून घेतलं. एवढं वाचल्यावर तिची कामाची पद्धत वेगळी सांगावी लागत नाही.

मात्र अशा हकिकतीत क्लायंटचं नाव परवानगीशिवाय नको, आणि ओळख पटेल इतका तपशीलही नको. चाकणमध्ये 'अमुक गाडीचं तमुक हाउसिंग बनवणारी कंपनी' म्हटलं की ती कोणती हे सगळे ओळखतात. भरती चालू असेल तर धोका आणखी मोठा, कारण ज्याच्या जागेवर माणूस शोधताय तोही लिंक्डइनवर असतो.

फीचा दर मी प्रोफाइलवर लिहीत नाही. 8.33 टक्के, म्हणजे वार्षिक सीटीसीचा बारावा हिस्सा, हा आपल्याकडचा ओळखीचा दर आहे. पण अवघड पदाला तो अपुरा पडतो आणि एकदा लिहिला की बोलणी तिथूनच खाली सुरू होतात. रिप्लेसमेंटची अट मात्र लिहावी : किती दिवसांत माणूस सोडून गेला तर बदली मोफत, आणि ते दिवस रुजू झाल्यापासून मोजायचे की बिल दिल्यापासून. सगळे वाद याच मुद्द्यावर होतात.

राहिल्या शिफारशी. रुजू झाल्याच्या आठवड्यात मागितली तर 'खूप मदत केली' एवढंच येतं. प्रोबेशन संपल्यावर मागा आणि नेमकं विचारा : मी कामाबद्दल जे सांगितलं होतं, तसंच काम निघालं का? उमेदवारानं याचं दिलेलं उत्तर पुढचा उमेदवार वाचतो आणि क्लायंटही वाचतो.