चावी न लागणाऱ्या घड्याळाची चावी

घड्याळ कधी मागे पडते आणि कधी पुढे जाते, अशी दुहेरी तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते. या गृहस्थांचे ऑटोमॅटिक घड्याळ कार्यालयाच्या दिवसांत रोज काही सेकंद मागे पडे, दौऱ्यावर असताना रोज वीसएक सेकंद पुढे जाई आणि शुक्रवारी रात्री काढून ठेवले की रविवारी बंद पडलेले असे. त्यांनी ते आधी एका दुकानात दाखवले होते. तिथे ‘रेग्युलेट’ करून दिल्यापासूनच पुढे जाण्याचा त्रास सुरू झाला, असे ते म्हणाले.

अशा वेळी हातात येताच घड्याळाला चावी देण्याची अनेकांना सवय असते. मी ती कटाक्षाने टाळतो, कारण गिऱ्हाइकाच्या मनगटावर स्प्रिंग कितपत भरते, याचा एकमेव पुरावा त्याने पुसला जातो. घड्याळ तसेच टाइमग्राफरवर लावले. हे यंत्र टिकटिक ऐकून घड्याळाचा वेग आणि बॅलन्स चाकाचा झोका किती अंशांचा आहे, हे दाखवते. झोका १८५ अंश आणि वेग दिवसाला १० सेकंद मागे. मग बाजूच्या बोंडाने, म्हणजे क्राउनने, पूर्ण चावी दिली. झोका २८८ अंशांवर गेला आणि तेच घड्याळ दिवसाला २४ सेकंद पुढे धावू लागले. न हलवता ठेवले तेव्हा एका दिवसाने ते २३२ अंशांवर ९ सेकंद पुढे होते आणि सुमारे एक्केचाळीस तासांनी थांबले. एवढा साठा उत्तम म्हणायला हवा; म्हणजे स्प्रिंग आणि चाकांची गाडी निरोगी होती.

स्प्रिंग उतरू लागली की बॅलन्सला मिळणारा रेटा कमी होतो आणि झोका लहान होतो. तत्त्वतः मोठ्या आणि लहान झोक्याला सारखाच वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही. बॅलन्स चाकाला मागेपुढे झुलवणाऱ्या हेअरस्प्रिंगचे बाहेरचे वेटोळे वेग कमीजास्त करणाऱ्या रेग्युलेटरच्या दोन पिनांमधून जाते आणि त्या पिनांत केसाएवढी फट असते. मोठ्या झोक्यात वेटोळे बराच वेळ कोणत्या तरी पिनेला टेकलेले असते, त्यामुळे हेअरस्प्रिंगची कामाची लांबी पिनेपाशी संपते. लहान झोक्यात ते जास्त वेळ मधेच मोकळे राहते, कामाची लांबी वाढते आणि चाक संथ होते. भरीला, झोका लहान झाल्यावर चाकाला रेटा पोहोचवणाऱ्या पॅलेट फोर्कचा प्रत्येक धक्का चाकाच्या गतीत अधिक ढवळाढवळ करतो आणि त्याचाही परिणाम बहुधा मागे पडण्यातच होतो. मनगटावरून काढलेले घड्याळ थांबण्यापूर्वी मागे पडते ते या उतारामुळे.

मग या घड्याळाचा उतार मनगटावर असतानाच का सुरू होता? हाताच्या हालचालीने फिरणारा वजनदार रोटर मोकळा फिरत होता आणि स्प्रिंगही भरत होता. अशा बहुतेक घड्याळांना दिवसाकाठी रोटरचे साधारण ६५० ते ८०० फेरे लागतात. हे गृहस्थ मात्र दिवसभर टेबलावर हात टेकून बसत आणि घरी आले की घड्याळ काढून ठेवत. मनगटावर असणे म्हणजे चावी मिळणे नव्हे, हे विकणारे कधीच सांगत नाहीत. दौऱ्यावर हात हलत, स्प्रिंग भरे आणि आधीच्या कारागिराने पुढे सरकवलेला रेग्युलेटर तेव्हा उघडा पडे. त्याने अर्धमेल्या स्प्रिंगवर वेग मोजून रेग्युलेटर हलवला होता, हे मला आकड्यांवरून दिसते.

मी भरल्या स्प्रिंगवर, वेगवेगळ्या स्थितींत मोजून रेग्युलेटर मागे आणला आणि सरासरी दिवसाला ५ सेकंद पुढे ठेवली. रोज सकाळी क्राउनने तीसएक वळसे द्यायला सांगितले. “अहो, ऑटोमॅटिक आहे ना? मग चावी कशाला?” हा प्रश्न अपेक्षितच होता. जास्त चावीने स्प्रिंग तुटेल, ही त्यांची खरी भीती होती. ऑटोमॅटिकच्या स्प्रिंगचे बाहेरचे टोक पेटीला पक्के जोडलेले नसते. ते घर्षणाने धरून राहते आणि स्प्रिंग भरली की घसरते, त्यामुळे ती ताणून तुटण्याची सोयच ठेवलेली नाही. (क्राउनने चावी देताच येत नाही, अशीही काही ऑटोमॅटिक घड्याळे आहेत, तिथे घड्याळ हलवून किंवा वाइंडरवर ठेवूनच काम भागवावे लागते.)

तरीही त्या आधीच्या कारागिराला मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हे गृहस्थ चावी देणारच नसतील, तर त्यांच्या रोजच्या वापरात त्याचेच रेग्युलेशन कमी चुकत होते. माझ्या रेग्युलेशनवर चावीवाचून हेच घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट मागे पडेल. मात्र उतारावरच्या एका बिंदूला वेग बरोबर केला, तरी वरचे आणि खालचे सगळे बिंदू चुकतातच. नंतर ते भेटले तेव्हा म्हणाले, चावी दिली त्या दिवशी काटा ठीक असतो. चावी द्यायचे विसरलो की मागे पडते.